चिठ्ठीवर एक लॅब, रिपोर्ट भलत्याच लॅबचा: सुई टोचण्याआधी कलेक्शन सेंटर कसं तपासायचं

आधी लक्षणं सांगते. यातलं एक जरी जुळलं तरी पुढचं वाचा.

रिपोर्टच्या माथ्यावर नाव ओळखीचं, पण तळाशी बारीक अक्षरात तपासणीचा पत्ता दुसऱ्याच गावचा. पावती म्हणून हातात कोऱ्या कागदाची चिटोरी, तीवर फक्त रक्कम आणि सही. रिपोर्ट लॅबकडून न येता कुणाच्या तरी खाजगी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर आला. लॅबच्या अ‍ॅपमध्ये स्वतःचा मोबाइल नंबर टाकून पाहिला तर त्या तारखेला काही नोंदच नाही. बिल मंजुरीला पाठवलं तर ‘लॅब यादीतली नाही’ असा शेरा मारून परत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणूस ठणठणीत, आकडा मात्र भलतीकडेच गेलेला.

मिरजेत एका हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी पंधरा वर्षं काउंटर सांभाळते. आमच्याकडे जत, कवठेमहांकाळ आणि तिकडे सीमेपलीकडून अथणी, रायबाग इथले पेशंट येतात. दर महिन्याला रक्त तपासायला त्यांनी मिरजेला यावं ही अपेक्षा खुळेपणाची, म्हणून ते तालुक्यालाच रक्त देतात. मग महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर असा रिपोर्ट येतो आणि मी तोच प्रश्न विचारते, “रक्त नक्की कुठं दिलंत?” उत्तरही ठरलेलं, “तुम्ही लिहिलेल्याच लॅबात की ओ, बोर्ड होता.”

बोर्ड असतोच, गोंधळ तिथूनच सुरू होतो. कलेक्शन सेंटर म्हणजे लॅब नव्हे. तिथं रक्त काढतात, मशिन दुसरीकडे असतं. बरीच सेंटरं फ्रँचायझीवर चालतात. गावातला एखादा टेक्निशियन किंवा मेडिकलवाला एकाच गाळ्यात दोन-तीन लॅबचं सँपल घेतो. दारावर मोठा बोर्ड एकीचा, आत टेबलावर फॉर्म तिघींचे. तुमची नळी कुठल्या डब्यात जाईल हे कधी मार्जिनवर ठरतं, तर कधी त्या दिवशी कुणाचा पिकअपवाला आधी आला यावर. प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. “सगळ्या लॅब सारख्याच” असं त्याला मनापासून वाटत असतं. नावंही फसवी असतात, पहिला शब्द तोच आणि पुढं ‘डायग्नोस्टिक्स’च्या जागी ‘क्लिनिकल लॅबोरेटरी’. दुचाकीवरून जाताना कोण एवढं वाचतो?

यानं काय बिघडतं हे आमच्या एका आण्णांवरून सांगते. वय बासष्ट, हृदयात धातूची झडप बसवलेली. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रोज रक्त पातळ ठेवायची गोळी. गोळी किती द्यायची हे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आयएनआर या तपासणीवर ठरतं. डॉक्टरांनी आण्णांसाठी २.५ ते ३.५ ही पट्टी ठरवली होती. मागचे तीन महिने आकडे होते २.७, २.९, २.६. चिठ्ठीवर लॅबचं नाव लिहिलेलं होतं, तीच मिरजेची, जिथं दर वेळी तपासणी व्हायची. त्या महिन्यात पाऊस होता म्हणून पोरानं त्यांना तालुक्याच्या सेंटरला नेलं. बोर्ड त्याच लॅबचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा आला ४.३.

पोराचा फोन आला तेव्हा तो घाबरून गेला होता. “ताई, आण्णांची गोळी बंद करू का?” मी म्हटलं, आधी सांग, हिरड्यातून, नाकातून, लघवीतून रक्त? अंगावर काळेनिळे डाग? काळी शौच? डोकेदुखी? काही नव्हतं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावलं आणि चिठ्ठीवरच्या लॅबमध्येच पुन्हा रक्त काढायला लावलं. आकडा आला २.८, आणि गोळी होती तेवढीच राहिली.

मधल्या वेळात पोरानं दाखवलेला रिपोर्ट मी नीट पाहिला. रक्त काढल्याची वेळ दुपारी १२.२०, लॅबला पोचल्याची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी ३.४०. म्हणजे सत्तावीस तास वीस मिनिटं. ही तपासणी साधारण चोवीस तासांच्या आत व्हायला हवी. तळाला पत्ता होता तिसऱ्याच शहराचा आणि लॅबही दुसरी. मग पोराला आठवलं, “शीर सापडत नव्हती, थोडंच रक्त आलं. ते म्हणाले, चालतंय.” आयएनआरच्या निळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट आधीच भरलेलं असतं आणि रक्त बरोबर खुणेपर्यंत लागतं, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं. तपासताना गोठवण्यासाठी घातलेलं कॅल्शियमही ते बांधून ठेवतं, रक्त गोठायला उशीर होतो आणि आकडा वर जातो. आण्णांचं रक्त होतं तसंच होतं. नळी अर्धवट होती आणि प्रवास लांबला होता. चिठ्ठीवरची लॅब असती तर अर्धवट नळी परत पाठवून पुन्हा रक्त मागितलं असतं, निदान मिरजेत तरी मी तसं पाहिलंय.

त्या दिवशी घाबरून दोन-चार दिवस गोळी बंद झाली असती, तर झडपेवर गुठळी धरायला वाट मोकळी होती.

आता तपासण्या. सोप्या आणि फुकटातल्या आधी.

पहिली: चिठ्ठी नीट वाचा

दोन मिनिटांचं काम, आणि निम्मा गोंधळ इथंच मिटतो. चिठ्ठीवर छापलेलं नाव आणि डॉक्टरांनी हातानं लिहिलेलं नाव, या दोन वेगळ्या गोष्टी. लॅबवाले दवाखान्यांना स्वतःचा लोगो छापलेली पॅडं फुकट वाटतात. आमच्या ड्रॉवरमध्ये आत्ता या घडीला तीन लॅबची पॅडं आहेत आणि हाताला जे येईल त्यावर डॉक्टर लिहितात. त्यामुळे वरचा लोगो म्हणजे डॉक्टरांची निवड असं समजू नका. हातानं लिहिलेलं नाव, शिक्का, किंवा ‘याच लॅबमधून’ असा शेरा असेल, तर ती निवड.

नाव असेल तर पूर्ण नाव आणि शाखा बघा. मिरजेची शाखा लिहिली असेल आणि सांगलीची गाठली तर नाव तेच, पण मशिन वेगळं असू शकतं. कंपनीच्या मेडिकलमधून, माजी सैनिकांच्या ईसीएचएस किंवा केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेतून रेफरल असेल तर शाखेचा पत्ता अक्षर न अक्षर जुळवा. तिथं प्रश्न पैशांचा असतो आणि यादीत नाव असलं तरी पत्ता दुसरा निघाला की बिल अडकतं.

चिठ्ठीत नाव वाचताच येत नसेल, तर अंदाज करू नका. दवाखान्यात फोन करा. आम्हाला त्याचा राग येत नाही, अक्षर आमच्याच डॉक्टरांचं असतं.

दुसरी: डॉक्टरांना कारण विचारा

हे लोक टाळतात, कारण मनात शंका असते की डॉक्टरांना कट मिळतो. स्पष्टच बोलते. रेफरलवर कमिशन घेणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे आणि तरी ते चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच विचारा, “डॉक्टर, हीच लॅब का?” उत्तर खरं असेल तर ते नेमकं असतं. मागचे सगळे आकडे तिथले आहेत, तुलना करायची आहे. किंवा ही तपासणी तिथं जागेवर होते, सँपल प्रवासाला जात नाही. आमच्याकडे आयएनआरचं कारण हे असतं. साध्या हिमोग्लोबिनसाठी, साखरेसाठी आमचे डॉक्टर स्वतःच म्हणतात, जवळच्या कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये करा.

उत्तर “असंच, चांगली आहे” एवढंच आलं, तर त्या नावासाठी पावसात तीस किलोमीटर जाण्याचं कारण नाही. पुढच्या तपासण्यांचा त्रास वाचला. फक्त बिल मंजुरीचं काम असेल तर हे लागू नाही, तिथं यादी बघावीच लागते.

तिसरी: जुन्या रिपोर्टवरच्या नंबरला फोन

नंबर जुन्या रिपोर्टवरून किंवा लॅबच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. इंटरनेटवर शोधून जो पहिला नंबर दिसेल त्याला लावू नका. ‘कस्टमर केअर’ म्हणून टाकलेले खोटे नंबर भरपूर आहेत. बुकिंगसाठी दहा रुपये भरा म्हणून लिंक पाठवतात, किंवा एखादं अ‍ॅप डाउनलोड करायला लावून मोबाइलचा पडदा बघतात. असं झालं आणि पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, उद्यावर टाकू नका.

खऱ्या नंबरवर दोनच गोष्टी विचारायच्या. एक, अमुक चौकातल्या अमुक मेडिकलशेजारचं सेंटर तुमचंच आहे का, आणि त्याचा कोड काय? लॅबच्या सिस्टिममध्ये प्रत्येक सेंटरची नोंद असते, समोरच्याला ती दिसते. दोन, माझी ही तपासणी कुठल्या शहरात होणार? तपासणीचं नाव घेऊन विचारा. ‘हो, आमचंच सेंटर आहे’ हे उत्तर खरं असूनही तुमची नळी तीनशे किलोमीटर जाऊ शकते. मोठ्या लॅबमध्ये तसं चालतंच आणि बऱ्याच तपासण्यांना त्यानं काही फरक पडत नाही. आयएनआरला पडतो.

फोनवरच्या माणसाला कोड सापडेना आणि तो “असेल, असेल” करू लागला, तर त्या सेंटरला जाऊ नका.

चौथी: सेंटरवर, सुईच्या आधी पावती

माझा सगळ्यात आवडता उपाय हा, कारण यात वाद घालावा लागत नाही. आत गेल्यावर चिठ्ठी द्या आणि म्हणा, “पहिल्यांदा पावती करा, मग रक्त घ्या.” पावतीवर कुणाचं नाव येतं ते बघा. बोर्ड कुणाचाही असो, पावती ज्या लॅबच्या सिस्टिममधून निघते, नळी बहुतेक तिकडेच जाते. पावतीबरोबर मोबाइलवर लॅबचा मेसेज येतो. तो मेसेज येईपर्यंत खुर्चीत बसा, बाही वर करू नका.

“सिस्टिम बंद आहे, नंतर देतो,” असं म्हणाले तर थांबा किंवा परत या. खरंच सिस्टिम बंद असते कधीकधी, लाइट जातेच. पण पावतीशिवाय रक्त दिलं की नंतर दाखवायला तुमच्या हातात काहीच उरत नाही.

घरी रक्त काढायला येणाऱ्या मुलाच्या बाबतीतही हेच. गळ्यातल्या ओळखपत्रापेक्षा बुकिंगच्या मेसेजमधलं नाव आणि आलेल्या मुलाचं नाव जुळवा. ओळखपत्र कुणीही छापतं.

पाचवी: नळीवरचं लेबल

बारकोडचा स्टिकर तुमच्यासमोर नळीला लागला पाहिजे. त्यावर तुमचं नाव, वय आणि क्रमांक असतो. तो क्रमांक पावतीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, एवढंच बघा. काही सेंटरं नळीवर पेनानं नाव लिहून ठेवतात आणि स्टिकर संध्याकाळी एकदम लावतात. सगळ्या नळ्या एका रॅकमध्ये, नावं सारखी, पाटील चार. मी याहून जास्त सांगायला नको.

आयएनआर असेल तर आणखी एक नजर टाका: निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरली का? भरली नसेल तर लगेच, तिथल्या तिथं सांगा, “दुसरी नळी घ्या.” पुन्हा टोचून घ्यायचा त्रास एका मिनिटाचा. आणि ही नळी बर्फाच्या डब्यात ठेवताना दिसली तर विचारा. बाकी नळ्या थंड ठेवतात म्हणून हिलाही सवयीनं आत सरकवतात, पण आयएनआरची नळी साध्या खोलीच्या तापमानालाच न्यायची असते.

सहावी: भिंतीवरचं प्रमाणपत्र

इथं थोडा वेळ जातो. बऱ्याच सेंटरांत भिंतीवर एनएबीएलचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र असतं. ते बघून लोक निश्चिंत होतात. एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ, आणि वैद्यकीय लॅबना ते आयएसओ १५१८९ या मानकाप्रमाणे तपासतं. पण प्रमाणपत्र दिलेलं असतं ते ठरावीक पत्त्यावरच्या लॅबला आणि ठरावीक तपासण्यांना. भिंत सेंटरची असली तरी कागद मुख्य लॅबचा.

त्यावर `MC-` पासून सुरू होणारा क्रमांक असतो. फोनमध्ये फोटो घ्या, घरी `nabl-india.org` वर लॅबचं नाव किंवा क्रमांक टाकून शोधा. पत्ता, मुदत आणि तपासण्यांची यादी दिसते. यादीत तुमची तपासणी आहे का, आणि पत्ता तुमच्या रिपोर्टच्या तळाशी छापलेल्या पत्त्याशी जुळतो का, हे बघायचं. जुळलं नाही म्हणजे लॅब खोटी असं नाही. मान्यता ऐच्छिक आहे आणि ती नसलेल्या कितीतरी चांगल्या लॅब आहेत. पण चिठ्ठीवर मान्यताप्राप्त लॅब लिहिली आणि रिपोर्ट भलत्या पत्त्यावरून आला, हे तुम्हाला इथं कागदावर दिसेल.

सातवी: रिपोर्ट आल्यावर

रक्त देऊन झालं असेल तर आता एवढंच हातात आहे. रिपोर्टमध्ये इंग्रजीत तीन वेगवेगळ्या वेळा छापलेल्या असतात: रक्त काढलं ती, लॅबला पोचलं ती, रिपोर्ट झाला ती. पहिल्या दोनमधलं अंतर मोजा. आण्णांची गोष्ट याच दोन आकड्यांत सापडली. त्यानंतर तळाशी, तपासणी कुठं झाली तो पत्ता. आणि सही: रिपोर्टवर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली स्पष्ट केलं आहे. सहीखाली नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल, नुसतं ‘टेक्निशियन’ असेल, तर तो रिपोर्ट आमचे डॉक्टर बाजूला ठेवतात.

‘काढल्याची वेळ’ आणि ‘पोचल्याची वेळ’ अगदी एकच असेल आणि सेंटर लॅबपासून साठ किलोमीटरवर असेल, तर वेळ कुणीतरी बसल्याजागी भरली आहे. मला हे महिन्यातून एकदा तरी दिसतं.

इथं थांबा

आकडा अनपेक्षित आला आणि लॅब चुकीची असल्याची शंका आहे, तर गोळी स्वतः कमी, जास्त किंवा बंद करू नका. लॅब चुकीची होती हे सिद्ध करण्यात दिवस घालवू नका. डॉक्टरांना फोन करा आणि सांगा, “आकडा इतका आला, रक्त अमक्या सेंटरवर दिलं, मला लॅबची खात्री नाही.” पुन्हा तपासायचं की नाही, आणि कधी, हे ते ठरवतील.

आयएनआर वाढलेला दाखवला आहे आणि कुठूनही रक्त येतंय, काळी शौच होतेय, डोकं अचानक फार दुखतंय, बोलताना जीभ अडखळतेय, किंवा डोक्यावर पडणं झालंय, तर लॅबचा विचार सोडून द्या. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. तिथं ते स्वतः रक्त तपासतात. गोळीचं पाकीट मात्र बरोबर घ्या.

पैशांचं भांडण असेल, म्हणजे बिल नाकारलं असेल, तर सेंटरवाल्याशी वाद घालून फायदा नाही. त्याच्या हातात काही नसतं आणि गावात रोज तोंड बघायचं असतं. लॅबच्या मुख्य कार्यालयाला लेखी कळवा: चिठ्ठीचा फोटो, पावती, नळीच्या लेबलाचा फोटो असेल तर तो, आणि रिपोर्ट. सेंटर त्यांचंच आहे का, असेल तर नळी दुसऱ्या लॅबला का गेली, हे दोनच प्रश्न विचारा. ईसीएचएस, सीजीएचएस किंवा विमा असेल तर तिथल्या काउंटरवर आधी विचारा की पुन्हा केलेल्या तपासणीचे पैसे मिळतील का. आधी विचारलं की लेखी काहीतरी मिळतं, नंतर विचारलं की नुसता शेरा.

आण्णांचा पोरगा आता चिठ्ठी घेऊन गेला की मला पावतीचा फोटो पाठवतो, रक्त काढायच्या आधी. मी वरचं नाव बघते आणि “घे” असं लिहून पाठवते. गेल्या महिन्यात एकदा “थांब” लिहावं लागलं.